इन्व्हेरियंट सबस्पेसमधून बेसिस घेतला की शून्यं त्याच कोपऱ्यात का येतात?

प्रश्न: "एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. W ही T ची इन्व्हेरियंट सबस्पेस असेल आणि W चा बेसिस वाढवून V चा केला, तर T ची मॅट्रिक्स ब्लॉक अप्पर ट्रँग्युलर होते, ही दोन ओळींची सिद्धता पाठ आहे. पण स्वतः उदाहरण केलं तर शून्यं भलतीकडेच आली. ती खाली डावीकडेच का यायला हवीत? वर उजवीकडचा ब्लॉक का उरतो? आणि खाली उजवीकडचा ब्लॉक म्हणजे नक्की कोणाची मॅट्रिक्स?"

उत्तर:

सिद्धता पाठ असून उदाहरण फसतं, तेव्हा अडचण सहसा इन्व्हेरियंट सबस्पेसमध्ये नसते. ती त्याच्या एक पायरी आधी असते: मॅट्रिक्समधला एखादा आकडा काय सांगतो, ते वाक्यात सांगता येत नाही. वर्गात हा विषय सुरू करताना मी आधी तेवढंच विचारतो. "तिसऱ्या ओळीतला, पहिल्या कॉलममधला आकडा. याचा अर्थ काय?" उत्तर असं हवं: T ने पहिल्या बेसिस व्हेक्टरला जिथे नेलं, ती जागा बेसिसमध्ये लिहिताना तिसरा बेसिस व्हेक्टर किती लागला, तो हा आकडा. कॉलम म्हणजे "कोणाला नेलं" आणि ओळ म्हणजे "पोचल्यावर कोणाची किती गरज पडली".

आता W चा बेसिस w1, …, wk घ्या आणि तो v(k+1), …, vn हे व्हेक्टर जोडून पूर्ण V चा करा. W इन्व्हेरियंट आहे म्हणजे T ने कुठल्याही wj ला नेलं तरी तो W मध्येच राहतो. W मधली जागा लिहायला w पुरतात, v लागत नाहीत. म्हणून पहिल्या k कॉलमांमध्ये v च्या ओळींत शून्य. v च्या ओळी खाली आहेत आणि w चे कॉलम डावीकडे आहेत, कारण आपण यादीत w आधी लिहिले. कोपरा ठरला तो एवढ्यावरच.

वर उजवीकडे शून्य का नाही? तिथे "v ला नेल्यावर w किती लागले" हे लिहिलेलं असतं आणि त्याबद्दल कोणी काहीच कबूल केलेलं नाही. W ही एकेरी वाहतुकीच्या गल्लीसारखी आहे: आतल्याला बाहेर जायला बंदी, बाहेरच्याला आत यायला मोकळीक. ब्लॉक ट्रँग्युलर आकार म्हणजे ही एकेरी बंदी कागदावर दिसणं. उलट दिशाही लगेच मिळते. एखाद्या बेसिसमध्ये खालचा डावा ब्लॉक शून्य दिसला, तर पहिल्या k व्हेक्टरांची स्पॅन इन्व्हेरियंट असते. म्हणजे "W इन्व्हेरियंट आहे" आणि "तो ब्लॉक शून्य आहे" या एकाच गोष्टीच्या दोन भाषा आहेत.

हे सगळं एका 3×3 मॅट्रिक्सवर बघू. मुद्दाम अशी घेतली आहे, की वरवर पाहता तिच्यात काही आकार दिसत नाही:

```
A =  2  1  0
     0  1  1
     1  1  2
```

प्रत्येक कॉलमची बेरीज करा. तिन्हींची 3 येते. याचा अर्थ असा, की x = (a, b, c) या व्हेक्टरच्या घटकांची बेरीज s(x) = a+b+c मानली, तर s(Ax) = 3·s(x). ज्याची बेरीज शून्य, त्याची A लावल्यावरही शून्यच. म्हणून a+b+c = 0 हे प्रतल इन्व्हेरियंट आहे. तेच आपलं W. इथे (1, 1, 1) हा A च्या ट्रान्सपोजचा आयगेनव्हेक्टर आहे. ट्रान्सपोजचा प्रत्येक आयगेनव्हेक्टर मूळ मॅट्रिक्सला एक इन्व्हेरियंट हायपरप्लेन देतो. मार्कोव्ह साखळीची मॅट्रिक्स उभ्या व्हेक्टरांसाठी लिहिली तर तिच्या प्रत्येक कॉलमची बेरीज 1 असते, तिथेही हेच प्रतल आयतं हाती लागतं.

W चा बेसिस म्हणून w1 = (1, 0, −1) आणि w2 = (0, 1, −1) घेऊ आणि तिसरा व्हेक्टर e3 = (0, 0, 1). या निवडीत सोय अशी, की कुठलाही (a, b, c) हा a·w1 + b·w2 + (a+b+c)·e3 असतो. पहिले दोन घटक जसेच्या तसे, आणि e3 किती लागतो ते बेरजेवरून कळतं. समीकरणं सोडवायची गरजच नाही. आता एकेकाला नेऊन बघा.

A·w1 = (2, −1, −1). बेरीज शून्य, म्हणून e3 लागला नाही: 2w1 − w2.
A·w2 = (1, 0, −1). पुन्हा बेरीज शून्य: w1.
A·e3 = (0, 1, 2). बेरीज 3: w2 + 3e3.

हे कॉलम म्हणून उभे लिहिले की

```
w1, w2, e3 या क्रमाने:

     2   1 |  0
    -1   0 |  1
    -------+---
     0   0 |  3
```

खालच्या ओळीतली दोन शून्यं म्हणजेच त्या दोन "बेरीज शून्य" नोंदी. ती गणितात योगायोगाने आलेली नाहीत. e3 ची ओळ घटकांची बेरीज मोजते आणि W ची व्याख्याच बेरीज शून्य अशी आहे.

तुमची शून्यं भलतीकडे का गेली हे तुमचं उदाहरण न बघता खात्रीने सांगता येणार नाही, पण अशा वेळी तीन कारणं मला वारंवार दिसतात.

पहिलं, बेसिसमधला क्रम. बेसिस ही क्रमवार यादी असते, नुसता संच नाही. वरचेच तीन व्हेक्टर w1, e3, w2 या क्रमाने घ्या:

```
     2   0   1
     0   3   0
    -1   1   0
```

शून्यं गेली कुठेच नाहीत. e3 ची ओळ आता मधली आहे आणि तिच्यात w च्या दोन्ही कॉलमांत शून्य आहे. फक्त ती एका ब्लॉकमध्ये गोळा झालेली नाहीत, विखुरली आहेत. e3 सर्वांत आधी लिहिला असता तर ती वर उजवीकडे जमली असती आणि मॅट्रिक्स ब्लॉक लोअर ट्रँग्युलर दिसली असती. ऑपरेटर तोच, माहितीही तीच.

दुसरं, ओळ आणि कॉलम यांची पद्धत. आपण इथे व्हेक्टर उभा लिहून मॅट्रिक्स डावीकडून गुणतो. काही पुस्तकं आणि GAP, Magma यांसारख्या प्रणाली आडवा व्हेक्टर धरून मॅट्रिक्स उजवीकडून लावतात. तिथे w आधी घेऊनही शून्यं वर उजवीकडे येतात आणि ते बरोबरच असतं. म्हणून पुस्तक उघडल्यावर आधी त्याची पद्धत बघून घ्यावी.

तिसरं कारण सर्वांत जास्त छळणारं: P⁻¹AP च्या जागी PAP⁻¹ करणं. बेसिसचे व्हेक्टर P च्या कॉलमांत असतील तर P⁻¹AP हवं. उजवीकडून वाचा: P नव्या बेसिसमधले आकडे जुन्यात आणतो, A काम करतो, P⁻¹ पुन्हा नव्यात नेतो. आपल्या उदाहरणात हा घोळ फार फसवा आहे, कारण PAP⁻¹ केलं तर हे मिळतं:

```
     2   1   0
     1   2   1
     0   0   1
```

इथेही खाली डावीकडे शून्यंच आहेत! पण कोपऱ्यात 3 ऐवजी 1 आहे. झालं असं, की P⁻¹ चे पहिले दोन कॉलम (1, 0, 1) आणि (0, 1, 1) आहेत, त्यांचं प्रतल म्हणजे a + b = c, आणि तेही योगायोगाने A चं इन्व्हेरियंट प्रतल निघालं. आकार बरोबर, पण W भलतंच. म्हणून नुसती शून्यं दिसली की थांबू नका. एक कॉलम हाताने ताडून बघा: A·w1 खरंच 2w1 − w2 आहे ना?

आता ब्लॉक कोणाचे, ते बघू. वरचा डावा ब्लॉक म्हणजे T फक्त W पुरता बघितला तर त्याची मॅट्रिक्स, यात वाद नाही. खालचा उजवा ब्लॉक मात्र बरेच जण "T ची उरलेल्या सबस्पेसवरची मॅट्रिक्स" असं सांगतात, आणि ते चूक आहे. आपल्या उदाहरणात उरलेली सबस्पेस म्हणजे e3 ची रेषा. पण A·e3 = w2 + 3e3 त्या रेषेवर राहतच नाही, मग T ची "त्या रेषेवरची मॅट्रिक्स" कशी असेल?

तो 3 आहे कोशंट स्पेस V/W वरचा. कोशंट म्हणजे W मधला फरक दुर्लक्षित करायचा: दोन व्हेक्टरांची वजाबाकी W मध्ये पडत असेल तर ते एकच समजायचे. इथे त्याचा अर्थ, ज्यांची बेरीज सारखी ते सगळे एक. मग V/W मध्ये व्हेक्टरची ओळख म्हणून एकच आकडा उरतो, त्याची बेरीज s. आणि A त्या बेरजेचं काय करतो? तिप्पट करतो. हाच तो 3. W इन्व्हेरियंट असण्याची गरज इथेही लागते. A जर W मधल्या व्हेक्टरला बाहेर टाकत असता, तर सारख्या बेरजेच्या दोन व्हेक्टरांना A लावल्यावर वेगवेगळ्या बेरजा आल्या असत्या आणि "बेरजेचं काय होतं" या प्रश्नाला एक उत्तरच राहिलं नसतं.

याची परीक्षा सोपी आहे. e3 ऐवजी W च्या बाहेरचा, बेरीज 1 असलेला दुसरा कुठलाही व्हेक्टर घ्या, समजा (1, 0, 0). A ने तो (2, 0, 1) वर जातो. बेरीज 3, आणि (2, 0, 1) = 3·(1, 0, 0) − w1. कोपऱ्यातला 3 तसाच राहिला, वरचा कॉलम मात्र (0, 1) चा (−1, 0) झाला. वरचा उजवा ब्लॉक तुमच्या निवडीवर अवलंबून आहे, खालचा उजवा नाही. (कोशंट स्पेस एकाहून जास्त डायमेन्शनची असेल तर तिचा बेसिस बदलल्यावर तो ब्लॉकही बदलतो, पण सिमिलर राहतो.)

मग निवड इतकी आपल्या हातात असेल, तर वरचा उजवा ब्लॉक शून्यच करून टाकता येईल का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि दोन्ही उत्तरं याच A मध्ये दडलेली आहेत.

W च्या बाहेरचा व्हेक्टर v = e3 + p·w1 + q·w2 असा घेऊन p, q शोधू. A·v मधून 3v वजा केल्यावर W मधलं जे उरतं, ते शून्य व्हायला हवं. w1 चा हिशेब: 2p + q − 3p = 0, म्हणजे p = q. w2 चा हिशेब: −p + 1 − 3q = 0, म्हणजे p + 3q = 1. दोन्हींवरून p = q = 1/4. अपूर्णांक घालवायला चारने गुणलं की v = (1, 1, 2), आणि A·v = (3, 3, 6). म्हणजे तो 3 चा आयगेनव्हेक्टर निघाला. w1, w2 आणि हा v घेतला की वरचा उजवा ब्लॉकही शून्य होतो.

आता W च्या आत जा. तिथली मॅट्रिक्स [2 1, −1 0] आहे, तिचं कॅरेक्टरिस्टिक पॉलिनॉमियल (λ−1)². u = w1 − w2 = (1, −1, 0) घेतला तर A·u = u, म्हणजे u ची रेषा ही W च्या आतली आणखी लहान इन्व्हेरियंट सबस्पेस. जोडीला w2 घ्या: A·w2 = w1 = u + w2. तेव्हा u, w2, e3 या क्रमाने

```
     1   1   0
     0   1   1
     0   0   3
```

आता W मधला, पहिल्या ओळीतला दुसरा 1 घालवून दाखवा. w2 च्या जागी w2 + t·u घेतला, तर तो u + w2 + t·u वर जातो, म्हणजे स्वतः अधिक u. t काहीही असो, तो एक u चिकटलेलाच राहतो. W मध्ये u च्या रेषेला पूरक अशी इन्व्हेरियंट रेषाच नाही.

फरक कुठे पडला? पहिल्या वेळी दोन कर्णावरच्या ब्लॉकांच्या आयगेनव्हॅल्यू वेगळ्या होत्या: W वर 1, 1 आणि कोशंटवर 3. दुसऱ्या वेळी दोन्हीकडे 1. सर्वसाधारण नियम असा: वरचा डावा ब्लॉक A₁, वरचा उजवा B आणि खालचा उजवा D असेल, तर B शून्य करायला A₁X − XD = −B हे सिल्व्हेस्टरचं समीकरण X साठी सुटलं पाहिजे. A₁ आणि D मध्ये एकही आयगेनव्हॅल्यू सामाईक नसेल तर ते कुठल्याही B साठी सुटतं. सामाईक असेल तर B वर अवलंबून आहे, कधी सुटतं, कधी नाही.

ब्लॉक ट्रँग्युलरवरून पूर्ण ट्रँग्युलरपर्यंत आपण आत्ता ज्या वाटेने आलो, तीच सर्वसाधारण वाट आहे: रेषा, तिला सामावणारं प्रतल, त्याला सामावणारी पुढची, अशी एकात एक बसलेल्या इन्व्हेरियंट सबस्पेसची साखळी. ती नेहमी मिळते का, हे फील्डवर ठरतं. कॉम्प्लेक्स आकड्यांवर प्रत्येक ऑपरेटरला आयगेनव्हेक्टर असतो, तो घ्यायचा, कोशंटमध्ये जायचं, तिथे पुन्हा एक घ्यायचा. बेसिस ऑर्थोनॉर्मल ठेवूनही हे जमतं, हे इसाय शूरने १९०९ मध्ये दाखवलं. वास्तव आकड्यांवर प्रतलातलं 90 अंशांचं फिरवणं घ्या: त्यात एकही इन्व्हेरियंट रेषा नाही, म्हणून कर्णावर 2×2 चा ब्लॉक तसाच राहतो. तुमच्या परीक्षेत "ट्रँग्युलर होते का" असं विचारलं असेल तर आधी फील्ड कोणतं, ते बघा.

ताडून बघायला संगणकावर एवढं पुरे:

```python
import numpy as np
A = np.array([[2,1,0],[0,1,1],[1,1,2]])
W = np.array([[1,0],[0,1],[-1,-1]])
print(np.linalg.matrix_rank(np.hstack([W, A @ W])))
P = np.column_stack([W, [0,0,1]])
print(np.linalg.solve(P, A @ P))
```

पहिली ओळ 2 छापेल. W च्या कॉलमांना A·W चे कॉलम जोडूनही रँक वाढली नाही, म्हणजे W इन्व्हेरियंट. ती 3 आली तर पुढचा हिशेब करूच नका, शून्यं येणार नाहीत. दुसरं आउटपुट म्हणजे वरची ब्लॉकवाली मॅट्रिक्स. इथे `solve(P, A @ P)` म्हणजेच P⁻¹AP, त्यामुळे इन्व्हर्स कुठल्या बाजूला ठेवायचा हा घोळही टळतो.

मोजमापातून आलेल्या, दशांशवाल्या मॅट्रिक्सवर हेच करायचं असेल तर W साठी ऑर्थोनॉर्मल बेसिस घ्या आणि तो ऑर्थोनॉर्मल ठेवूनच पूर्ण V चा करा (`np.linalg.qr(W, mode='complete')`). P तिरकस असेल तर P⁻¹ लहान चुका फुगवतो. तिथे खालचा डावा ब्लॉक नेमका शून्य येणार नाही, एक लहानसा E येईल. त्याचा आकार A च्या आकाराशी ताडून बघायचा. तो 1e-15 च्या घरात असला तर ती नुसती राउंडिंगची धूळ आहे. 1e-3 च्या घरात असला तर W इन्व्हेरियंट नाही, फक्त जवळपास आहे. E पुसून कर्णावरच्या ब्लॉकांतून आयगेनव्हॅल्यू काढल्या, तर त्या A च्या नसतात, A पासून E इतक्या अंतरावरच्या दुसऱ्या मॅट्रिक्सच्या असतात. आणि आपल्या 1, 1 सारखी अडकलेली जोडी असेल तर हे अंतर वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं: 1e-16 ची चूक आयगेनव्हॅल्यूमध्ये 1e-8 पर्यंत जाऊ शकते. म्हणून याच A वर `np.linalg.eigvals` चालवून 1 च्या ऐवजी आठव्या दशांशाच्या आसपास हललेले दोन आकडे दिसले, किंवा तेवढाच बारीक काल्पनिक भाग असलेली जोडी दिसली, तर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसू नका. ती त्या u ची करामत आहे, जो वरच्या ब्लॉकमधून काही केल्या निघाला नव्हता.